हिलसा आणि रोहूतले बारीक काटे: कापायचे कसे, शिजवायचे कसे

प्रश्न: पापलेटमध्ये मधला काटा काढला की झालं. मग हिलसा आणि रोहू-कटल्यासारख्या माशांत इतके बारीक काटे का असतात? कापताना किंवा शिजवताना ते घालवता येतात का? व्हिनेगर लावून ठेवलं की काटे विरघळतात असं ऐकलंय, ते खरं आहे का?

उत्तर:

आधी व्हिनेगरचं सांगून टाकतो, कारण त्या एका समजुतीपायी पुष्कळ चांगले मासे वाया जातात. अर्धा-एक तास व्हिनेगर किंवा लिंबू लावून ठेवल्याने काट्याला काहीही होत नाही. मांस मात्र वरून पांढरं पडतं, आक्रसतं आणि तव्यावर कोरडं होतं. आम्लाने काटा मऊ होतो हे तत्त्व म्हणून खरं आहे, पण त्याला जो वेळ लागतो तो आपण देत नाही. हे का, ते पुढे येईलच. त्याआधी काटे कुठे बसलेले असतात ते समजून घ्या, म्हणजे कापण्याची रीत आपोआप लक्षात येईल.

शिजलेल्या रोहूचा पाठीकडचा तुकडा घ्या आणि बोटांनी हलकेच दाबा. मांसाच्या पाकळ्या सुटतात. माशाचं सगळं अंग असंच पाकळ्यांचं बनलेलं असतं. प्रत्येक पाकळी म्हणजे स्नायूचा एक पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक अगदी पातळ, चिवट पडदा. मासा पोहताना हे पट्टे एकामागून एक आवळतात आणि त्यांचा जोर या पडद्यांतून पुढे शेपटीपर्यंत पोचतो. जोर ज्या ओळीने जातो तिथे पडद्यातला तंतू जाड, दोरीसारखा होतो, म्हणजे एक छोटी कंडराच तयार होते. काही माशांत या कंडरेत हळूहळू कॅल्शियम भरत जातं आणि तिचं हाड बनतं. तुमचा बारीक काटा म्हणजे हे हाड. ते बरगडीचा फाटा नाही, कण्याचा तुकडाही नाही. रोहू-कटल्यात तर त्याचा कण्याशी घट्ट सांधाही नसतो, नुसत्या तंतूंनी तो जागच्या जागी धरलेला असतो. म्हणूनच कणा ओढून काढला तरी हे काटे मांसातच राहतात. पापलेटचा काटा एका झटक्यात निघतो, कारण त्याचे काटे कण्याला जोडलेले असतात आणि पडद्यांमध्ये असं सुटं हाड जवळजवळ नसतंच.

मग एका माशात हे हाड बनतं आणि दुसऱ्यात का नाही? याचं उत्तर कुळात आहे, पाण्यात नाही. ‘गोड्या पाण्यातला मासा काटेरी, समुद्रातला कमी काट्यांचा’ असं सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. मागूर गोड्या पाण्यातला, त्याच्यात हे काटे नाहीत. तिलापिया गोड्या पाण्यातच वाढवतात, त्याचाही त्रास नाही. उलट हेरिंग पूर्ण समुद्री मासा, आणि तो काट्यांनी भरलेला. हिलसा तर हेरिंगच्याच गोतातला. तो राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो, पण म्हणून नदीत शिरल्यावर त्याचे काटे वाढत किंवा कमी होत नाहीत. हेरिंगचं कुळ जुनं आहे आणि त्यात अशा काट्यांच्या तीन रांगा असतात: एक वर पाठीकडे, एक मधल्या पातळीवर, एक खाली. कार्पच्या कुळात, म्हणजे रोहू, कटला, मृगळ, गवत्या, चंदेरा आणि सायप्रिनस यांच्यात, मधली रांग नाही, वरची आणि खालची आहे. पापलेट-तिलापियासारखे मासे ज्या नंतरच्या शाखेत येतात, तिच्यात हे काटे बहुतेक गळूनच गेले.

हे काटे माशाला पोहण्यासाठी अगदी आवश्यक आहेत का, हाही प्रश्न बरेच जण विचारतात. ते अंगाला थोडा ताठपणा देतात आणि जोर वाहून नेतात असं मानलं जातं. पण त्यांच्यावाचून मासा अडत नाही, हे अलीकडे बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. चीनमध्ये संशोधकांनी जनुक-संपादन करून कार्प कुळातले असे मासे तयार केले आहेत, ज्यांच्यात हे काटे बनतच नाहीत. बाकीचा सांगाडा जवळपास नेहमीसारखा, आणि मासे पोहतात, वाढतात. आपल्या ताटात ते येतील तेव्हा येतील. तोवर सुरी आणि आच ही दोनच साधनं आहेत.

आता कामाची गोष्ट. कार्पमध्ये हे काटे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. वरची रांग डोक्याच्या मागून थेट शेपटीपर्यंत पाठीच्या मांसात जाते. खालची रांग मात्र पोटाची पोकळी संपते तिथून सुरू होते आणि शेपटीकडे जाते. याचा अर्थ असा की पोटाच्या भागात फक्त बरगड्या असतात. त्या लांब, जाड, डोळ्यांना दिसणाऱ्या, आणि एका ओळीत निघणाऱ्या असतात. पाठीच्या मांसात एक रांग असते. शेपटीकडच्या भागात मात्र वर आणि खाली दोन्हीकडे रांगा, आणि त्यात मांस कमी. लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला रोहू वाढायचा असेल तर पोटाचाच तुकडा द्या आणि शेपटीकडचा कुणालाही देऊ नका. त्याचं कालवणाचं पाणी करा. बंगालीत पोटाच्या तुकड्याला पेटी आणि पाठीच्या तुकड्याला गादा म्हणतात. मोठा रोहू तिथे मुळातच या दोन भागांत चिरतात, आणि पेटीला जास्त मान असतो तो काही फक्त चरबीसाठी नाही.

एका कार्पमध्ये असे काटे साधारण शंभरच्या आसपास, जातीप्रमाणे थोडे इकडे-तिकडे. हिलसात त्याहून कितीतरी जास्त. मासा मोठा झाला म्हणून काट्यांची संख्या वाढत नाही. लहानपणी जेवढे बनले तेवढेच राहतात, फक्त लांब आणि जाड होतात. म्हणून पाव किलोच्या रोहूत केसासारखे काटे सगळीकडे टोचतात, आणि तीन किलोच्या रोहूत तेच काटे जिभेला लगेच कळतात आणि बोटाने ओढून काढता येतात. काट्यांची भीती असेल तर मोठा मासा घ्या. अगदी उलट टोकाला, बोटाएवढ्या माशात हाड अजून इतकं कोवळं असतं की तळून अख्खा खाल्ला तरी चालतो. मधल्या मापाचा मासा मात्र सगळ्यात त्रासदायक.

आता सुरीकडे येतो. माझ्या मते या काट्यांशी वागण्याच्या दोनच सरळ रीती आहेत. एक तर काटा इतका बारीक तोडा की तो टोचूच शकणार नाही. नाही तर त्याला अजिबात धक्का लावू नका, जिथे आहे तिथे अख्खा राहू द्या, म्हणजे खाणाऱ्याला तो सापडतो. या दोन्हींच्या मधलं काहीही केलं की दोन्हीकडचं नुकसान होतं. एक-दीड सेंटीमीटरचा, दोन्ही टोकांना तिरका तुटलेला काटा हा सगळ्यात वाईट. तो दिसत नाही, ओढायला हाताशी येत नाही आणि घशात आडवा बसायला पुरेसा लांब असतो. मासा कोयत्याने कसातरी पातळ-पातळ तोडून घेतला की नेमके असेच काटे तयार होतात.

रोहूला पहिली रीत चांगली लागू पडते. दीड किलोचा एक रोहू धरून चालू. खवले काढा, पोट साफ करा, कल्ल्यांसकट डोकं वेगळं करा. मग पाठीच्या बाजूने सुरी घालून कण्याला घासत एक अख्खी बाजू उतरवून घ्या. कातडी काढू नका, पुढच्या सगळ्या कामात मांस धरून ठेवणारी तीच आहे. बरगड्यांचा पापुद्रा सुरी जवळजवळ आडवी धरून खरवडून काढा. आता तुमच्यासमोर 28 ते 30 सेंटीमीटर लांबीचा मांसाचा पट्टा आहे, कातडी खाली, मांस वर. डोक्याच्या बाजूने शेपटीकडे, मधल्या रेषेच्या थोडं वर, बोटाचं टोक हलकेच फिरवा. एका ओळीत बारीक टोकं लागतील. तीच वरच्या रांगेची आतली टोकं. काट्यांची दुसरी टोकं मागे आणि बाहेर, कातडीच्या दिशेने तिरकी गेलेली असतात. पुढच्या टोकाशी बऱ्याच काट्यांना फाटाही असतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा. त्यामुळे चिमट्याने ओढायला गेलात तर मांस फाटतं.

हे काटे माशाच्या लांबीला तिरके पण बरेचसे लांबीच्याच दिशेने पडलेले असतात, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण चिरा कुठल्या दिशेने घ्यायच्या ते यावर ठरतं. लांबीच्या दिशेने चिरा दिल्या तर सुरी काट्यांच्या शेजारून निघून जाते आणि काटे शाबूत राहतात. आडव्या चिरा द्या, दर 3 मिलिमीटरला एक. म्हणजे या एका पट्ट्यावर नव्वदच्या आसपास चिरा होतात. ऐकायला जास्त वाटतं, पण हात बसला की दोन-तीन मिनिटांचं काम आहे. पोटाच्या पातळ भागावर चिरा द्यायची गरज नाही, तिथे हे काटे नाहीतच. पाठीचा भाग पूर्ण आणि पोकळी संपल्यानंतरचा शेपटीकडचा भाग वर-खाली दोन्हीकडे, एवढं पुरे.

चिरेची खोली हा सगळ्या कामाचा मर्म आहे. काट्याचं एक टोक कातडीच्या जवळ असतं, म्हणून चीर कातडीला टेकेपर्यंत खोल गेली पाहिजे आणि कातडी मात्र कापली जाऊ नये. बरोबर चालली आहे की नाही हे कानाने कळतं. पातळ, धारदार सुरी काट्यांतून जाताना बारीक ‘कर्र’ असा आवाज येतो आणि मुठीला तो जाणवतो. पाठीच्या भागावर चीर देताना आवाज येत नसेल तर सुरी पुरेशी खोल जात नाही, बाकी काही नाही. सुरी दाबून खाली ढकलू नका, टाचेपासून टोकापर्यंत ओढत न्या. दाबली की मऊ मांसात काटा तुटण्याऐवजी वाकून बाजूला सरकतो. मांस फार मऊ असेल तर चिरण्याआधी पट्टा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. नुसता घट्ट व्हायला हवा, दगड नको. दातेरी सुरी या कामाला निरुपयोगी आहे, ती मांस ओरबाडते.

3 मिलिमीटरच का? एवढ्या माशातला काटा दोन-अडीच सेंटीमीटर लांब धरला तर त्याचे सात-आठ तुकडे होतात. एवढा तुकडा तळल्यावर दाताखाली चुरतो आणि घशात अडकायला त्याला लांबीच उरत नाही. 5-6 मिलिमीटर ठेवलात तर तुकडा टोचायला पुरेसा राहतो. 2 मिलिमीटरच्या खाली गेलात तर रोहूचं मांस तेलात विस्कटतं. जपानमध्ये हामो नावाच्या, वामेसारख्या लांबट समुद्री माशावर हेच काम करतात. त्याला होनेगिरी म्हणतात. तिथे एका सूनमध्ये, म्हणजे सुमारे 3 सेंटीमीटरमध्ये, 24 च्या वर चिरा मारणं हे कसबाचं माप मानतात. चिरेतलं अंतर मिलिमीटरभराचं झालं. त्या माशाचं मांस आणि कातडी ते सहन करतं आणि त्यासाठी खास वजनदार सुरी असते. रोहूवर तो हट्ट करू नये.

चिरा हे अर्धंच काम. उरलेलं तेलाने होतं. चिरलेल्या पट्ट्याचे तळहाताएवढे तुकडे करा, मीठ-मसाला चोळा आणि अगदी पातळ पीठ भुरभुरवून जास्तीचं झटका. इथे दाट पिठात बुडवायचा मोह टाळा. दाट पिठाने चिरा बुजतात, आत वाफ कोंडते आणि काट्याचे तुकडे उकडलेले, चिवट राहतात. तुम्हाला हवंय ते याच्या उलट: गरम तेल चिरेत शिरून प्रत्येक तुकड्याच्या कापलेल्या टोकापर्यंत पोचलं पाहिजे. तेलात पडल्यावर कातडी आक्रसते आणि तुकडा उलटा वाकतो, तेव्हा चिरा पंख्याच्या पात्यांसारख्या उघडतात. म्हणून तुकडा कढईत मोकळा सोडायचा, तव्यावर दाबून धरायचा नाही. मी दोनदा तळतो. आधी सुमारे 170 अंशांवर चार मिनिटं, मग बाहेर काढून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग 190 च्या आसपास दीड-दोन मिनिटं. पहिल्या वेळी मांस शिजतं आणि पाणी निघतं. दुसऱ्या वेळी काटा कोरडा होतो, आणि कोरडा काटा ठिसूळ असतो. बुडबुडे अगदी मंदावले की झालं समजा. खात्री करायची असेल तर एका चिरेतला पापुद्रा मोडून बोटांत चोळून पाहा. रवाळ लागला तर ठीक, टोक टोचलं तर अजून एक मिनिट.

या रीतीला मर्यादा आहे. तीन-चार किलोच्या पुढच्या कटल्यात काटा इतका जाड होतो की 3 मिलिमीटरचा तुकडाही दाताला खड्यासारखा लागतो. तिथे चिरा देत बसू नका. मोठ्या माशात काट्यांची रांग बोटाला स्पष्ट लागते. तिच्या वर आणि खाली लांबीने दोन काप देऊन ती अख्खी पट्टीच उचलून काढा. थोडं मांस जातं, पण उरलेला भाग निर्धास्त. ती पट्टी टाकायची नाही, रश्श्याला वापरायची. आणि हो, चिरा दिलेला मासा कालवणात घालू नका. ओल्या आचेत ते तुकडे कुरकुरीत होत नाहीत, मांस सुटलं की सगळ्या रश्श्यात पसरतात.

आता हिलसा. वर सांगितलेलं सगळं हिलशाला लावायला जाऊ नका. त्याचं मांस अतिशय मऊ आणि चरबीने भरलेलं असतं, काटे केसासारखे आणि तीन रांगांत. इतक्या चिरा त्या मांसात टिकत नाहीत, आणि टिकल्या तरी तळून कुरकुरीत करेपर्यंत ज्या चरबीसाठी हिलसा आणला ती तेलात उतरून जाते. इथे दुसरी रीत: काटा शाबूत ठेवा. बंगालमध्ये बोटी नावाच्या उभ्या विळीवर हिलशाच्या आडव्या, जाड तुकड्या पाडतात. तुकडी किमान दोन सेंटीमीटर तरी हवी. कण्याचा चकतीसारखा भाग मधोमध आणि त्याच्या भोवती मांस. जाडी कमी केली की तेच मधल्या लांबीचे तिरके काटे दोन्ही बाजूंना तुटून लोंबतात. कापणाऱ्याला ‘जरा पातळ द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतं. एका घावात, धारदार पात्यावर तुकडी पडली पाहिजे. बोथट कोयत्याने दोन-तीनदा हाणली की कणा फुटतो आणि त्याच्या कपच्या वेगळ्याच मांसात घुसतात. हिलशाच्या पोटाच्या कडेला करवतीसारखी खवल्यांची धार असते, तीही लक्षात असू द्या.

शिजवतानाही धोरण तेच. मोहरी लावून वाफवलेला हिलसा हा नुसता चवीचा प्रकार नाही. वाफेत तुकडी हलत नाही, पाकळ्या जागच्या जागी राहतात आणि प्रत्येक काटा आपापल्या पडद्यात पडून असतो. पाकळ्यांमधला पडदा शिजून मऊ होतो तेवढ्यात मांस सहज उकलतं आणि काटे पाकळ्यांच्या मधल्या भेगेत उघडे पडतात. दोन सेंटीमीटरच्या तुकडीला वाफेवर दहा-बारा मिनिटं पुरतात. त्यापुढे उकळत ठेवलात, डावाने ढवळलात, की पडदा पूर्ण विरघळतो, काटे सुटतात आणि रश्श्यात उतरतात. हिलशाच्या रश्श्यात काटे सापडू लागले तर दोष बहुतेक वेळा जास्त शिजवण्याचा किंवा पलटण्याचा असतो. काटे किती शिल्लक आहेत हे न कळल्यामुळे मग माणूस पूर्ण तुकडीच बाजूला सारतो. खाताना मांस कण्यापासून बाहेरच्या दिशेने, पाकळीच्या रेषेने सोडवायचं. घास लहान, आणि तो तोंडात जाण्याआधी बोटांत एकदा चाचपून पाहायचा. काटा-चमच्याने हिलसा खाणं मला तरी जमत नाही, कारण काटा शोधायचं काम बोटांचं आहे.

ज्यांना काटे शोधत बसायचं नाही त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे: काटाच मऊ करून टाकणं. इथे आता व्हिनेगरचा प्रश्न येतो. हाड दोन गोष्टींचं बनलेलं असतं, कॅल्शियमचे क्षार आणि त्यांना बांधून ठेवणारे कोलेजनचे तंतू. क्षारांमुळे कडकपणा येतो, तंतूंमुळे चिवटपणा. आम्ल क्षारांवर चालतं. काटा व्हिनेगरमध्ये पुरेसा वेळ ठेवला तर क्षार निघून जातात आणि वाकणारा, रबरासारखा काटा उरतो. घरी करून पाहायचं असेल तर जेवून झाल्यावर एक बारीक काटा आणि एक जाड बरगडी धुऊन वाटीभर व्हिनेगरमध्ये टाका. बारीक काटा आधी वाकू लागेल, बरगडी पुष्कळ मागे राहील. आणि हा उघडा काटा आहे. माशात तो मांसात गाडलेला असतो. बाहेरचं आम्ल आधी मांसातच खर्ची पडतं, आतपर्यंत फार थोडं पोचतं. लोणच्यासारख्या मुरवलेल्या हेरिंगचे काटे मऊ लागतात ते कित्येक दिवस आम्लात राहिल्यामुळे.

उष्णता याच्या उलट बाजूने काम करते. ओल्या आचेत कोलेजनचं जिलेटिन होऊन ते विरघळतं आणि क्षारांचा ठिसूळ सापळा मागे उरतो, जो जिभेने दाबला तरी चुरतो. अडचण ही की हाडातल्या कोलेजनला भोवतालचे क्षार सांभाळतात, त्यामुळे मांसातल्या पडद्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त वेळ किंवा जास्त तापमान लागतं. साध्या उकळीत, 100 अंशांवर, यात पाच-सहा तास सहज जातात. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 च्या आसपास जातं आणि काम तासाभरावर येतं. डबाबंद सार्डिनचे काटे खाताना जाणवत नाहीत ते याच तापमानामुळे.

बंगालीत काटा विरघळवलेला हिलसा म्हणून जो प्रकार करतात तो असाच. करायचा असेल तर तुकड्या एका डब्यात एका थरात लावा. त्यावर मसाला, थोडं मोहरीचं तेल आणि किलोभर माशाला तीन-चार चमचे व्हिनेगर किंवा चिंचेचा कोळ घाला, डबा झाका आणि कुकरमध्ये तळाशी लिटरभर पाणी घालून ठेवा. माशात थेट पाणी घालू नका, चव पाण्यात जाते. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ पाहा. पाऊण तासाने कुकर आपोआप थंड होऊ द्या, एका तुकडीतला पाठीचा काटा काढून दोन बोटांत चिमटा. चुरला तर झालं. वाकला पण तुटला नाही तर आणखी वीस मिनिटं, त्याआधी तळाचं पाणी पाहून घ्या. कण्याची चकती एवढ्यात पूर्ण मऊ होत नाही, ती बाजूला काढावीच लागते. शिट्टी जबरदस्तीने उडवली की डब्यातला रस्सा खदखदून उकळतो आणि तुकड्या फुटतात, म्हणून वाफ स्वतःहून उतरू द्या. इथे आम्ल थोडी मदत करतं, कारण वेळ लांब आहे आणि आच जास्त आहे.

याची किंमतही आहे. तासभर कुकरमध्ये राहिलेला हिलसा चांगला लागतो, पण तो वाफवलेल्या हिलशासारखा लागत नाही. चरबी रश्श्यात उतरते, मांस कोरडं आणि भुसभुशीत होतं, वास सौम्य होतो. माझं मत विचाराल तर ताज्या, चरबीदार हिलशावर हा प्रयोग करू नये. अंडी घालून झालेला, चरबी उतरलेला हिलसा किंवा लहान मृगळ यासाठी योग्य. त्याचा कुस्करून कटलेटसाठी सारण म्हणून उपयोग छान होतो, आणि त्यात राहिलेल्या काट्याचा चुरा कुणाला कळतही नाही.

शेवटी एक घशाचं. काटा अडकला तर सुक्या भाताचा गोळा किंवा केळं गिळून तो खाली ढकलायचा उपाय घरोघरी सांगतात. तो करू नका, त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. बोट किंवा चमचाही घालू नका. आरशात, चांगल्या उजेडात काटा समोर टॉन्सिलवर दिसत असेल तर गोष्ट वेगळी. दिसत नसेल आणि गिळताना त्याच जागी टोचत राहिलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. लाळ गिळता येत नसेल, छातीत दुखत असेल किंवा श्वास अडत असेल तर वाट न पाहता थेट रुग्णालयात.